आमच्या घरातली लग्नाची स्वप्नं

माझी नणंद एक्केचाळीस वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न झालं नव्हतं, आणि तरी महिन्यातून एकदा तरी ते लागायचं. सकाळी पडवीत चहाचा कप घेऊन बसली की सांगायची, "वहिनी, आज परत लग्न होतं माझं." म्हणजे स्वप्नात. आवाजात तक्रार नसायची. पाणी आज कमी दाबानं आलं, असं सांगावं तसं सांगायची.

वसईजवळ वटारला आमची वाडी आहे. केळी, सोनचाफ्याची थोडी झाडं, मागे भाजीचे वाफे. घरात आम्ही चौघं: मी, माझा नवरा, त्याची धाकटी बहीण आणि सासूबाई. मी वसईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. नणंद वालीवला एका कारखान्यात आहे, तिथे औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात. झाकण नीट बसतं की नाही हे तपासणाऱ्या विभागात ती अठरा वर्षं काम करत होती. रोज सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची. आमची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून घरात तरुण म्हणावं अशी नणंदच होती.

तिचं स्वप्न थोड्याफार फरकानं एकच असायचं. मांडव कारखान्याच्या पॅकिंग विभागात. पाहुणे जेवायला बसलेले, बऱ्याच जणांचं जेवण उरकलेलंसुद्धा. ती कंपनीच्या निळ्या कोटात. कोणीतरी ओरडतं, "अगं, मुहूर्त झाला, कुठे होतीस?" आणि तिला कळतं की वेळ सगळ्यांना ठाऊक होती, फक्त तिलाच कोणी सांगितली नव्हती. मग अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, पलीकडे कोणीतरी उभं. अंतरपाट खाली यायच्या आत तिला जाग यायची.

सासूबाईंना हे सांगायची सोय नव्हती, पण घर लहान, ऐकू जायचंच. स्वप्नात लग्न दिसलं की मयताची बातमी येते, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. एकदा नणंदेला स्वप्न पडलं आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे नव्वदीचे मामेभाऊ गेले. तेवढं एक उदाहरण त्यांना जन्मभर पुरलं. बाकी कितीतरी वेळा लग्न लागलं आणि कोणीही गेलं नाही, याची आठवण कोणी ठेवली नव्हती. त्या आपल्या घरच्या बोलीत मुलीला दटावायच्या, ते साध्या मराठीत असं: "असलं काही बघू नकोस." जणू ती तिकीट काढून बघायला जात होती.

मी यात कधी बोलले नाही, कारण मलाही लग्नाचं स्वप्न पडत होतं.

माझ्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. स्वप्नात मी माहेरी केळव्याला असायची, मांडवात, पण आजच्या वयाची. चष्मा लावलेली, गुडघा दुखतोय म्हणून पाटावर बसायला नको म्हणणारी. बायका हळद लावायच्या. मी म्हणायची, "अहो, माझं लग्न झालंय." कोणी ऐकायचं नाही. त्या हो हो करायच्या आणि दुसऱ्या गालाला हळद लावायच्या. नवरा मुलगा कधी अगदी अनोळखी असायचा, कधी माझाच नवरा, पण तिशीतला. जाग आली की शेजारी तो झोपलेला दिसायचा आणि मला चोरी केल्यासारखं वाटायचं. चांगल्या नवऱ्याच्या शेजारी झोपून बाई दुसऱ्यांदा बोहल्यावर चढते, हे सांगणार कोणाला?

शेवटी सांगितलं ते कॉलेजात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक समुपदेशक बाई येतात, मुलांशी बोलायला. स्टाफरूममध्ये जेवताना मी नणंदेच्या नावावर दोन्ही स्वप्नं सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "यातली एक स्वप्न बघणारी लग्न झालेली आहे." मी कबूल केलं.

त्यांनी जे सांगितलं ते अगदी साधं होतं. स्वप्न पुढचं सांगत नाही. ते काल-परवाच्या गोष्टी घेतं आणि जुन्या एखाद्या भावनेला जोडतं. आपल्याकडे चारचौघांत दिलेला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे लग्न, म्हणून कुठलाही शब्द द्यायची किंवा पाळायची वेळ आली की मन लग्नाचाच मांडव उभारतं. ज्याचं लग्न झालेलं नाही त्याच्याजवळ अनुभव नसतो, नुसती अपेक्षा असते, स्वतःची आणि दुसऱ्यांची. त्यामुळे त्याच्या स्वप्नात घोटाळे फार: उशीर, चुकीचे कपडे, चेहरा नसलेला जोडीदार. लग्नाला खूप वर्षं झालेल्यांना पुन्हा लग्न दिसतं ते बहुतेक वेळा जुना शब्द नव्यानं द्यायची पाळी आली की. त्यात बेइमानी वगैरे शोधू नये.

"मग अर्थ कसा लावायचा?" मी विचारलं.

"पुस्तकात बघून नाही. जाग आली की अंथरुणातच लिहायचं, उठायच्या आधी. काय दिसलं हे थोडक्यात. काय वाटलं हे नीट. आणि आदल्या दिवशी काय घडलं. दोन-चार महिने करा. एका स्वप्नावरून मात्र काही ठरवू नका."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

नणंदेला कल्पना आवडली. तपासणी आणि नोंद हेच तिचं काम. तिनं दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, तीन रकाने केले. मी माझ्यापुरती जुन्या डायरीत लिहायला लागले. रविवारी दुपारी आम्ही माडीवर बसून एकमेकींना वाचून दाखवायचो.

पहिली गोष्ट कळली ती गमतीची. तिला नेहमी अंतरपाटाशीच जाग येते, कारण साडेपाचला गजर होतो. पहाटे पहाटे स्वप्नं लांबतात आणि गजर त्यातच घुसतो. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पलीकडचा माणूस बघायची आपली हिंमत होत नाही.

दुसरी गोष्ट आठ महिन्यांनी लक्षात आली. या काळात तिला दोन स्थळं सांगून आली होती, दोन्ही वेळा स्वप्न पडलं नाही. पडलं ते सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली तेव्हा. मैत्रिणीबरोबर चिंचोटीच्या धबधब्याला जायचं कबूल केलं आणि घरी सांगायचं राहिलं तेव्हासुद्धा. "म्हणजे नवऱ्याचा काही संबंधच नाही," ती म्हणाली. थोडी निराशही झाली असावी.

माझं स्वप्न आठवून आठवून लावलं तर तीनदा ठळकपणे सापडलं: मुलगी बंगळुरूला गेली तेव्हा, नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरी राहायला लागला तेव्हा, आणि सासूबाई न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. तिन्ही वेळा कोणी मला काही विचारलं नव्हतं. शब्द अठ्ठावीस वर्षांपूर्वीच दिलेला होता.

त्याच सुमारास विरारचं स्थळ आलं. माणूस अठ्ठेचाळीस वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा. बायको चार वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, मूल नाही. नणंद त्याला दोनदा भेटली. घरी येऊन म्हणाली, "बरा आहे. ऐकून घेतो." तिच्या तोंडून ही मोठीच शिफारस होती. माझा नवरा लगेच कामाला लागला. त्यानं भटजींना फोन केला, तीन तारखा आणल्या, हॉलची चौकशी केली. बहिणीला अजून हो म्हणायचं होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मग त्या आठवड्यात तिला सलग तीन दिवस स्वप्न पडलं. तिसरं रविवारी, म्हणजे गजर नव्हता. अंतरपाट पहिल्यांदाच खाली आला. पलीकडे कोणी नव्हतं. पाट रिकामा होता.

"आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "मला एकदम बरं वाटलं."

वही माझ्या हातात होती. मी म्हटलं, "तुझं मन नाही म्हणतंय. आणखी स्पष्ट काय सांगायला हवं?"

मी हे अधिकारवाणीनं बोलले. वर्गात कवितेचा अर्थ सांगते तशी. ती म्हणाली, "असेल." संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं की नको. नवरा चिडला, पण त्यानं फोन करून नकार कळवला. सासूबाईंना मुलीचं लग्न राहिल्याचं दुःख झालं आणि तीनदा स्वप्न पडूनही कोणी गेलं नाही याचं समाधानही झालं. त्यांनी दोन्ही व्यक्त केलं.

पुढचे तीन आठवडे नणंद कामावर जायची, यायची, जेवायची. वही तिनं बंद केली. मला वाटलं, सुटली.

मग एका पहाटे मला माझं स्वप्न पडलं, नेहमीपेक्षा लख्ख. आदल्या दिवशी नवऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं की मी पुढल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, म्हणजे आईकडे बघायला कोणीतरी राहील. त्यानं हे जेवताना सांगितलं, भात वाढून घेता घेता. मी हूं म्हटलं होतं. स्वप्नात मांडवात तोच उभा होता, तरुण, मुंडावळ्या बांधून. मी हार टाकायला हात उचलत होते आणि हात उचलत नव्हता.

सकाळी चाफा तोडताना मी नणंदेला ते सांगितलं. तिनं फांदी सोडून दिली.

"मग वहिनी, तू दादाला कधी सोडतेयस?"

"काहीतरीच काय!"

"का? माझा पाट रिकामा दिसला तर माझं मन नाही म्हणतंय. तुझा हात उचलला नाही तर तुझं मन काय म्हणतंय?"

माझ्या स्वप्नाचा अर्थ मी पूर्ण जाणत होते: मला नवरा नको नव्हता, मला विचारलं गेलं पाहिजे होतं. हे मला कळलं ते स्वप्नातल्या हारावरून नाही, आदल्या दिवशीच्या भातावरून. आणि तिच्या बाबतीत मी आदला दिवस बघितलाच नव्हता.

आम्ही फुलं तशीच ठेवून माडीवर गेलो. तिनं वही काढली. त्या रविवारच्या पानावर 'काय दिसलं'च्या खाली 'पाट रिकामा' एवढंच होतं. 'काय वाटलं'च्या खाली तिनं लिहिलं होतं: 'बरं वाटलं. अजून वेळ आहे म्हणून.' आणि आदल्या दिवशी काय घडलं तिथे: 'दादाने तीन तारखा आणल्या.' त्या रविवारी मी पहिला रकाना वाचला होता आणि दुसऱ्यातले दोन शब्द. पुढचं वाचायची मला गरज वाटली नव्हती.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून मी नाही म्हटलं असं नाही. मलाही ते सोपं पडलं." मग तिनं खाली जाऊन स्कूटरवर बसायच्या आधी विरारच्या त्या माणसाला स्वतः फोन केला आणि पुन्हा भेटाल का, विचारलं. इतके दिवस फोन भावानंच केले होते.

त्या शनिवारी दोघं वसईच्या किल्ल्याजवळ एका साध्या हॉटेलात भेटली. नंतर तिनं मला सगळं सांगितलं. तिनं आधीच तीन गोष्टी पुढ्यात ठेवल्या. तारीख ती ठरवणार. नोकरी सोडणार नाही. आई आहे तोवर आठवड्यातले तीन दिवस वटारला राहणार. तो पटकन हो म्हणाला नाही. तिसऱ्या गोष्टीवर म्हणाला, "याचा विचार करावा लागेल. मला एकटं राहायचा कंटाळा आलाय म्हणून तर लग्न करतोय." तिला ते पटलं. मग तिनं त्याला वहीबद्दल सांगितलं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "मलाही पडतं. माझं पहिलंच लग्न. तीच असते, तोच हॉल. सगळं नीट पार पडतं आणि मग जाग येते. ते बंद होईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, नका सांगू."

आठ दिवसांनी त्यानं कळवलं की तीन दिवस चालतील, पण त्यातला एक तो वटारला येऊन राहील.

माझं काम अजून उरलं होतं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढत होता, तिथे गेले आणि उभ्या उभ्या त्याला माझं स्वप्न सांगितलं. कुदळीवर हात ठेवून त्यानं ऐकलं. तो रागावेल किंवा हसेल असं मला वाटत होतं.

तो म्हणाला, "माझ्यात तू काही बोलतच नाहीस."

"कशात?"

"स्वप्नात. मी इथे वाडीत असतो. लग्नाचा बेंजो वाजताना ऐकू येतो आणि आठवतं, आज आपलं लग्न. धावत सुटतो. पोचतो तेव्हा मांडव अर्धा सोडलेला. तू पाटावर बसलेली. तू नुसती बघतेस."

आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या टेम्पोचं चाक पंक्चर झालं होतं. दीड तास उशीर, मुहूर्त टळून गेला, भटजींनी दुसरा काढला. त्या दीड तासात माझ्या माहेरच्यांनी काय काय बोलून घेतलं ते मी कधीच कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याशी तर त्यावर एक शब्द झाला नव्हता.

"मला वाटायचं तू एकदा तरी भांडशील," तो म्हणाला. "मग मी सांगितलं असतं. तू विषयच काढला नाहीस."

"मी वाट बघत होते तुम्ही काढाल म्हणून."

अठ्ठावीस वर्षांत आम्ही मुलगी वाढवली, घरावर माडी चढवली, आजारपणं काढली, आणि एका पंक्चरबद्दल बोललो नव्हतो. मला फार भरून वगैरे आलं नाही. आश्चर्य वाटलं, एवढंच. मी त्याला सांगितलं की नोकरी मी सोडणार नाही. सकाळी आईंचं मी बघेन, दुपारी त्यानं बघायचं. तो म्हणाला, "मला भाताची पेज जमेल. अंघोळीचं बघावं लागेल." आम्ही अंघोळीसाठी गावातलीच एक बाई लावली. हे आधीही करता आलं असतं.

नणंदेनं नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की तीस दिवस थांबावं लागतं, मग तीन साक्षीदार घेऊन जायचं. माझ्या नवऱ्याला महिनाभर थांबणं जड गेलं, तिला तो महिना फार आवडला. म्हणाली, कायद्यानंच मला वेळ दिलाय. त्या महिन्यातही तिला दोनदा स्वप्न पडलं. एकात ती पोचली तेव्हा कार्यालयात जेवणाची सुट्टी झाली होती. मी घाबरून समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पडणारच. निर्णय बरोबर असला म्हणून धाकधूक जात नाही." मी नणंदेला जाऊन सांगायला लागले तर ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी पानाच्या खाली लिहिलंय, हसू आलं म्हणून."

लग्नाच्या दिवशी ती कार्यालयाच्या दाराशी पाऊण तास आधी हजर होती. मोरपंखी साडी, हातात कागदांचं पाकीट. साक्षीदार म्हणून मी, माझा नवरा आणि वराची बहीण. अधिकाऱ्यांसमोर दोघांनी एकमेकांना पती आणि पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं म्हटलं, रजिस्टरमध्ये सह्या केल्या. सगळं वीस मिनिटांत उरकलं. सासूबाई वॉकर घेऊन येऊ शकत नव्हत्या, त्यांना आम्ही व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी विचारलं, "भटजी कुठाय?" आणि मग तिथूनच पडद्यावर अक्षता टाकल्या. दुपारी घरी जेवण झालं. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, नवऱ्यानं केळीची पानं कापून आणली होती.

त्याला आता वर्ष झालं. मला स्वप्न त्यानंतर एकदा पडलं, मुलीनं तिथेच स्थायिक व्हायचं ठरवलं त्या आठवड्यात. या वेळी मी उठल्यावर नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही मुलीला फोन लावला. नणंद म्हणते, तिला हल्ली लग्न दिसत नाही, परीक्षा दिसते, गणिताची. तिच्या नवऱ्यामुळे असेल. त्याचं जुनं स्वप्न अधूनमधून येतं. त्या सकाळी तो जरा गप्प असतो. ती त्याला तसा राहू देते. एकदा मला म्हणाली, "वाईट वाटतं का विचारशील तर, कधी कधी वाटतं. पण त्याला ते लपवावं लागत नाही, हे बरंय."

गेल्या महिन्यात आम्ही सासूबाईंना पहिल्यांदा विरारला तिच्या घरी नेलं. लिफ्टनं वर, मग वॉकर घेऊन हळूहळू आत. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, ओटा ठेंगणा आहे म्हणाल्या, बाल्कनीतल्या कुंडीत तुळस सुकलीय म्हणून जावयाला पाणी घालायला लावलं. मग पलंगावर बसून पाय वर घेतले आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही जा आता. मी दोन दिवस राहते इथे." राहिल्या त्या सहा दिवस.